सोळा जणांचा मेंदू आणि आधी लिहून ठेवलेला नियम

‘आठ आठवडे ध्यान केले की मेंदूची रचना बदलते’ हे वाक्य आता आपल्या परिसरात नवे राहिलेले नाही. धम्म परिषदांतील भाषणांत ते येते, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ते छापलेले असते, पालक मेळाव्यात कोणीतरी ते हमखास सांगते. आपल्या वसतिगृहातील मुले रोज सकाळी आनापानाला बसतात. त्यामुळे ‘हे खरे आहे का?’ असा प्रश्न पालक आम्हांला विचारतात, आणि तो विचारणे रास्तही आहे. शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकत आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात ‘पुनरावृत्तीचा पेच’ हा विषय येतो. एका प्रयोगशाळेत आढळलेली गोष्ट दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा का आढळत नाही, असा तो प्रश्न आहे. हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून हा लेख. तो आम्ही मुख्यतः त्या विद्यार्थ्यासाठी लिहिला आहे. मात्र दहावीचे गणित आठवणाऱ्या कोणालाही तो समजावा, अशी काळजी घेतली आहे.

त्या वाक्याचा उगम बऱ्याच अंशी एका शोधनिबंधात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात काम करणाऱ्या ब्रिटा होल्झेल, सारा लझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणनिवारणासाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला होता. त्यात विपश्यना आणि झेन या परंपरांतील साधनेचा अंश आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर केलेल्या माणसाला त्यातील श्वासाकडे आणि शरीरातील संवेदनांकडे लक्ष देण्याची रीत ओळखीची वाटेल. या अभ्यासक्रमाला स्वतःहून आलेल्या १६ जणांच्या मेंदूची एम.आर.आय. यंत्राने सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा चित्रे घेतली गेली. तुलनेसाठी प्रतीक्षायादीतील १७ जण होते. संशोधकांनी मेंदूतील दोन भागांवर आधीपासून लक्ष केंद्रित केले होते: स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि शरीराच्या आतील जाणिवांशी संबंधित इन्सुला. डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. इन्सुलात काही दिसले नाही. पुढे संपूर्ण मेंदू तपासला तेव्हा आणखी काही ठिकाणी वाढ आढळली. निबंधात हे सर्व जसेच्या तसे नोंदवले आहे. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत मात्र इन्सुला गळून पडला, १६ हा आकडाही गळला आणि ‘मेंदू बदलतो’ एवढेच उरले.

आता या १६ या आकड्याकडे नीट पाहू. मेंदूऐवजी आपण उंची घेऊ, कारण उंची सर्वांच्या डोळ्यांसमोर असते.

समजा, एका वयाच्या मुलांची उंची सरासरीच्या वरखाली साधारण ७ सेंटिमीटरने पसरलेली असते. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. एखाद्या नव्या आहाराने मुलांची उंची खरोखर १ सेंटिमीटरने वाढते, असेही समजू. हे सत्य आपल्याला माहीत आहे, पण प्रयोग करणाऱ्याला नाही. तो १६ मुलांना आहार देतो, १६ मुलांना देत नाही आणि शेवटी दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक मोजतो. हा फरक केवळ कोणत्या गटात कोणती मुले आली एवढ्यानेच किती हलतो? सातला २ भागिले १६ च्या वर्गमुळाने गुणले की उत्तर येते सुमारे अडीच सेंटिमीटर. म्हणजे आहाराचा काहीही परिणाम नसता, तरी दोन गटांत अडीच सेंटिमीटरचा फरक सहज पडला असता. म्हणूनच असा नियम रूढ आहे की फरक या हेलकाव्याच्या साधारण दुप्पट असेल तरच तो लक्षणीय मानावा. येथे दुप्पट म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर.

येथे अडचण उभी राहते. खरा फरक १ सेंटिमीटरचा आहे आणि उंबरठा ५ सेंटिमीटरचा. हा प्रयोग शंभर वेळा केला, तर साधारण सहा-सात वेळाच तो उंबरठा ओलांडेल. उरलेल्या वेळी ‘काही आढळले नाही’ असे उत्तर येईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या सहा-सात प्रयोगांनी उंबरठा ओलांडला, ते सगळे निदान ५ सेंटिमीटरचा फरक सांगतील. सत्य एकाचे आणि बातमी पाचाची! शिवाय त्या सहा-सातांपैकी सुमारे एक प्रयोग उलट दिशेने ओलांडलेला असेल, म्हणजे या आहाराने मुले खुजी होतात असे तो सिद्ध करील. लहान नमुन्यात खरी गोष्ट हाती लागत नाही, एवढे बहुतेकांना कळते. परंतु हाती जे लागते ते फुगलेले असते आणि प्रसंगी उलट्या तोंडाचे असते, हे पुष्कळदा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही ध्यानात येत नाही. हाच आहार प्रत्येक गटात ८०० मुले घेऊन तपासला, तर हेलकावा एक तृतीयांश सेंटिमीटरवर येतो आणि १ सेंटिमीटरचा खरा फरक पाचांपैकी चार वेळा स्पष्ट दिसतो.

येथे नियतकालिकांचा वाटा येतो. ज्या ९३ प्रयोगांत काही आढळले नाही, ते बहुधा संशोधकाच्या कपाटातच राहतात, कारण ‘काही आढळले नाही’ हा निबंध छापायला फारसे कोणी उत्सुक नसते. छापून येतात ते उंबरठा ओलांडलेले सहा-सात. वाचकाला त्यांच्यात विलक्षण एकमत दिसते आणि तो निःशंक होतो. पुढे दुसरा कोणी तोच प्रयोग करतो, बहुधा त्याला काही सापडत नाही, आणि दोष मात्र त्याच्या कौशल्याला दिला जातो.

मेंदूच्या संशोधनात नमुने लहान का राहतात, याचे कारण आळस नव्हे. एम.आर.आय. यंत्राचा प्रत्येक तास महाग असतो. माणसाला त्या नळीत हालचाल न करता पडून राहावे लागते आणि आठ आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. २०१३ साली कॅथरीन बटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जाविज्ञानातील अनेक अभ्यास एकत्र तपासले. परिणाम खरोखर असेल तर तो पकडण्याची या अभ्यासांची क्षमता मध्यक काढता २१ टक्क्यांच्या आसपास भरली. म्हणजे पाच खऱ्या परिणामांपैकी चार हातातून निसटत होते.

लहान नमुना हे अर्धेच दुखणे झाले. दुसरे अर्धे अधिक सूक्ष्म आहे, कारण त्यात कोणीही खोटे बोलत नाही.

एम.आर.आय. यंत्रातून मेंदूचे तयार उत्तर बाहेर पडत नाही. बाहेर पडतात ते आकडे. मेंदूचे हजारो, कधी लाखाहून अधिक, बारीक घन तुकडे कल्पिले जातात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक व्हॉक्सेलचा एक आकडा असतो. डोके हलले असेल तर ती हालचाल दुरुस्त करावी लागते. किती हलले तर तो माणूस वगळायचा, हे ठरवावे लागते. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या आकाराचा असल्यामुळे सर्वांना एका साच्यात बसवावे लागते. शेजारच्या व्हॉक्सेलांची सरासरी काढून चित्र थोडे पुसट करावे लागते. ते चार मिलिमीटरने करायचे की आठ, हेही ठरवावे लागते. हिप्पोकॅम्पसची सीमा कोणत्या नकाशावरून घ्यायची, वय आणि लिंग हिशेबात धरायचे की नाही, उंबरठा कोठे ठेवायचा, हे पुढचे प्रश्न. यांतील प्रत्येक निवडीला दोन-तीन समंजस पर्याय असतात. अशा आठ जागी दोन-दोन पर्याय असले, तरी २५६ वाटा तयार होतात.

आता संशोधक एका वाटेने जातो आणि उत्तर उंबरठ्याच्या जरा अलीकडे राहते. त्याच्या मनात येते, ‘हा तिसरा माणूस फारच हलला होता, त्याला वगळायलाच हवे.’ हे म्हणणे खरेही असते. वगळल्यावर उत्तर उंबरठा ओलांडते आणि तो थांबतो. पहिल्याच खेपेला उत्तर ओलांडले असते, तर तिसरा माणूस त्याला आठवलाही नसता. फसवणूक अशी कोठेच झालेली नाही. फक्त शोध केव्हा थांबवायचा, हे उत्तराने ठरवले. प्रत्येक वाटेवर निव्वळ योगायोगाने यश मिळण्याची शक्यता शंभरात पाच धरली आणि एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० वाटा चालून पाहिल्या, तर कोठेतरी यश मिळण्याची शक्यता ६४ टक्के होते. प्रत्यक्षात वाटा एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे हा आकडा काहीसा उतरतो. पण तो पाचावर कधी राहत नाही.

याचे एक मासलेवाईक उदाहरण, शब्दशः मासळीचे, २००९ साली मेंदुप्रतिमांच्या एका परिषदेत मांडले गेले. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि रीतसर विश्लेषण केले. हजारो व्हॉक्सेल एकेक करून तपासले, पण इतक्या तपासण्यांसाठी उंबरठा वर नेला नाही. मेलेल्या माशाच्या मेंदूत काही व्हॉक्सेल ‘जागे’ दिसले! उंबरठा योग्य प्रकारे वर नेताच ते नाहीसे झाले.

तो प्रयोग विनोदाने केलेला होता. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास मात्र विनोदाचा नव्हता. तेल अवीव विद्यापीठात १०८ जणांच्या मेंदूची चित्रे घेतली होती. नफा-तोट्याचा जुगार स्वीकारायचा की नाकारायचा, असा तो प्रयोग होता. ही सामग्री जगभरच्या ७० संशोधक-गटांना दिली आणि तेच ते नऊ प्रश्न सर्वांना विचारले. प्रत्येक गटाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने विश्लेषण केले. कोणत्याही दोन गटांची वाट तंतोतंत एक निघाली नाही. एका प्रश्नाला ८४ टक्के गटांनी ‘होय’ म्हटले, तीन प्रश्नांना जवळपास सर्वांनी ‘नाही’ म्हटले. उरलेल्या पाच प्रश्नांना ‘होय’ म्हणणारे गट २१ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान होते. सामग्री एकच, प्रश्न एकच, सर्व जाणकार. तरी निम्म्याहून अधिक प्रश्नांवर उत्तर कोणाला विचारले यावर अवलंबून राहिले. या गटांवर तर विशिष्ट उत्तर काढण्याचे दडपणही नव्हते. ते असते, तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

यावर उपाय काय? तो समजावून सांगण्यासाठी मेंदूची प्रयोगशाळा सोडून आम्ही क्षणभर पुण्याला जातो. उपायाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे.

२००८ साली जयंत नारळीकर यांनी फलज्योतिषाची एक चाचणी योजली. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे हे त्यांच्या सोबत होते. २०० मुलांच्या जन्मपत्रिका तयार केल्या. त्यांतील १०० मुले अभ्यासात हुशार होती, तर १०० बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग होती. कोणती पत्रिका कोणाची, हे झाकलेले होते. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतील ४० पत्रिका गेल्या आणि प्रत्येक पत्रिकेपुढे ‘हुशार’ की ‘दिव्यांग’ एवढेच लिहायचे होते. मुख्य गोष्ट अशी की यशाची व्याख्या आधीच जाहीर केली होती: ४० पैकी २८, म्हणजे ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर चाचणी उत्तीर्ण. ५१ ज्योतिषी पुढे आले; त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के होते, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते त्याच्या आसपासच. २८ चा आकडा कोणालाही गाठता आला नाही. हा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला.

हे २८ आणि ४० हे आकडे आले कोठून, ते विद्यार्थ्याने कागदावर करून पाहावे. केवळ नाणे उडवून ४० पैकी २८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही किंचित कमी आहे. समजा, पत्रिका ४० ऐवजी १० च दिल्या असत्या आणि तेच ७० टक्के मागितले असते. दहापैकी सात किंवा अधिक नुसत्या योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. मग २७ पैकी चार-पाच ज्योतिषी निव्वळ दैवाने उत्तीर्ण झाले असते आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच छायाचित्रे छापून आली असती. उलट सर्व २०० पत्रिका एकाला देऊन ७० टक्के मागितले, तर योगायोगाने ते घडण्याची शक्यता कोटीत एकही नाही. टक्केवारी तीच, नमुन्याचा आकार तेवढा बदलला. आम्हांला हेही नमूद केले पाहिजे की ४० चा नमुनासुद्धा अगदी निर्धोक नव्हता. शंभरात एकाहून किंचित कमी ही शक्यता एका माणसाची झाली. २७ माणसांत कोणीतरी एक नशिबाने २८ गाठील, याची शक्यता २० टक्क्यांच्या जवळ जाते. एखादा तसा निघाला असता, तर त्याची नव्या पत्रिकांवर पुन्हा परीक्षा घेणे भाग होते. आणि ज्या २४ जणांनी उत्तरे पाठवलीच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न कोणत्याही चाचणीत विचारायला हवा. गळालेले लोक सारखेच असतात, असे गृहीत धरता येत नाही.

पण या चाचणीचे खरे बळ आकड्यांत नसून क्रमात आहे. २८ हा आकडा उत्तरे उघडण्यापूर्वी ठरला. निकाल पाहिल्यावर ‘फक्त मुलींच्या पत्रिका धरा’, ‘फक्त रात्री जन्मलेल्या धरा’ असे म्हणायला कोणत्याच बाजूला जागा उरली नाही. ज्योतिष्यांना ती नव्हती, तशी नारळीकरांनाही नव्हती. हे दुसरे अनेकदा विसरले जाते. कोणी ३० बरोबर आणले असते, तर परीक्षकांना तेही जाहीर करावे लागले असते. नियम दोघांनाही बांधतो, म्हणूनच त्याला किंमत आहे.

मेंदूविज्ञानात याच क्रमाला पूर्वनोंदणी म्हणतात. प्रयोग सुरू होण्यापूर्वी, निदान सामग्री पाहण्यापूर्वी, संशोधक एक दस्तऐवज लिहितो आणि सार्वजनिक नोंदस्थळावर ठेवतो. त्यावर तारीख पडते आणि नंतर तो गुपचूप बदलता येत नाही. त्यात काय असावे? मुख्य प्रश्न एकच, आणि तो दिशेसह: डाव्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान ध्यानगटात अधिक वाढेल. किती माणसे घेणार आणि तो आकडा कसा काढला. डोके किती मिलिमीटर हलले तर वगळणार. कोणते संगणक-साधन आणि त्याची कोणती आवृत्ती वापरणार. किती पुसट करणार, कोणता नकाशा, कोणती तुलना, कोणता उंबरठा. वर सांगितलेल्या २५६ वाटांपैकी ही एक चालणार, असे ते लेखी वचन असते. औषधांच्या चाचण्यांसाठी ही शिस्त आपल्या देशाने आधीच स्वीकारली आहे: भारतीय चाचणी-नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून औषध-चाचण्यांना त्यात नोंद सक्तीची झाली.

याच्या पुढची पायरी म्हणजे नोंदणीकृत अहवाल. २०१३ साली ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकात ख्रिस चेंबर्स यांच्या पुढाकाराने ही पद्धत सुरू झाली. यात परीक्षक प्रयोगाची योजनाच तपासतात आणि ती चांगली असेल तर निकाल काहीही लागो, निबंध छापण्याचे आगाऊ मान्य करतात. ‘काही आढळले नाही’ हे उत्तर मग कपाटात राहत नाही. याचा परिणाम काय झाला, ते २०२१ साली मानसशास्त्रातील निबंधांची तुलना करून पाहिले गेले. नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरल्याचे प्रमाण ९६ टक्के होते. नोंदणीकृत अहवालांत ते ४४ टक्के निघाले. संशोधक शंभरात ९६ वेळा बरोबर अंदाज बांधत असतील, तर त्यांना प्रयोग करण्याची गरजच काय, असा खोचक प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

पूर्वनोंदणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १६ माणसांची योजना आधी लिहून ठेवली म्हणून ती १६० माणसांची होत नाही; आहाराच्या उदाहरणातील अडीच सेंटिमीटरचा हेलकावा तारखेच्या शिक्क्याने कमी होत नाही. ‘ध्यानाचा मेंदूवर परिणाम तपासू’ अशी मोघम नोंद केली, तर सर्व वाटा मोकळ्याच राहतात. काही वेळा नोंद एक असते आणि छापलेला निबंध दुसराच असतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते कळत नाही आणि पाहणारे थोडे असतात. तसेच, पूर्वनोंदणी म्हणजे अनपेक्षित गोष्ट पाहायला बंदी, असा गैरसमज आहे. ती जरूर पाहावी, फक्त ‘हे शोधताना सापडले, तपासताना नव्हे’ असे स्पष्ट लिहावे आणि पुढच्या प्रयोगात तीच मुख्य प्रश्न करावी.

आता पुन्हा त्या आठ आठवड्यांकडे. २०२२ साली टॅमी क्रॅल, रिचर्ड डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेल्या दोन चाचण्यांची सामग्री एकत्र करून ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये मांडली. एकूण माणसे २१८, पूर्वी ध्यान न केलेली. कोण कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले होते. एका गटाने तोच आठ आठवड्यांचा ध्यान-अभ्यासक्रम केला. दुसऱ्याने तितक्याच कालावधीचा, पण व्यायाम, आहार, संगीत अशा गोष्टींचा आरोग्यवर्ग केला. तिसरा प्रतीक्षायादीत राहिला. दुसऱ्या गटाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. आठवड्यातून एकदा चांगल्या माणसांत बसणे, शिक्षकाने आपुलकीने विचारपूस करणे, यानेही माणूस बदलतो. तो बदल ध्यानाच्या खात्यावर जमा होऊ नये, म्हणून हा गट. आधीच्या अभ्यासांनी दाखवलेले मेंदूचे भाग तपासले आणि संपूर्ण मेंदूही तपासला. ध्यानगटात इतर दोन गटांहून वेगळा असा रचनात्मक बदल आढळला नाही.

डेव्हिडसन हे ध्यानाचे विरोधक नव्हेत. ध्यान आणि मेंदू हा विषय जगासमोर ठळकपणे आणणाऱ्यांपैकी ते एक आहेत. आपल्याला प्रिय असलेल्या कल्पनेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला, याची आम्हांला कदर वाटते.

या निकालाचा अर्थ नीट मोजून लावला पाहिजे. आठ आठवड्यांत मेंदूची रचना एम.आर.आय.ला दिसेल इतकी बदलते, हा दावा यामुळे डळमळीत झाला. ध्यानाने मन शांत होत नाही किंवा ताण कमी होत नाही, असे या निबंधाने म्हटलेले नाही. तो प्रश्न वेगळ्या मापाने मोजावा लागतो. वर्षानुवर्षे साधना करणाऱ्यांच्या मेंदूबद्दलही त्यात निर्णय नाही. शिवाय २०११ च्या अभ्यासातील माणसे ताणाला कंटाळून स्वतःहून वर्गाला आलेली होती, तर विस्कॉन्सिनमधील माणसे सर्वसाधारण निरोगी होती. ज्याच्यावर भार अधिक, त्याच्यात बदल अधिक, असे असू शकेल. पण ‘असू शकेल’ हे नवे गृहीतक झाले. त्यासाठी ताणग्रस्त माणसे, पुरेसा मोठा नमुना आणि आधी नोंदवलेली एकच वाट घेऊन पुन्हा प्रयोग करावा लागेल. जुन्या १६ जणांना त्याची साक्ष म्हणून उभे करता येणार नाही.

पदवीच्या विद्यार्थ्याला यातील काहीही करून पाहण्यासाठी एम.आर.आय. यंत्राची गरज नाही. एक नाणे आणि वही पुरे. चाळीस वेळा नाणे उडवून छापे मोजावेत आणि असे २७ वेळा करून सर्व आकडे एका ओळीत लिहावेत. मग त्याच नोंदींतील प्रत्येक चाळिशीचे पहिले दहाच निकाल घेऊन किती ओळींत सात किंवा अधिक छापे आले, ते पाहावे. किती येतील याचा अंदाज मात्र नाणे हातात घेण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर, तारीख घालून लिहावा.